एएलपी वाढलंय: लिव्हर की हाडं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे, मडगाव अशा सगळीकडून लोक रिपोर्टचे फोटो पाठवतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी लॅबमध्ये बसणारी डॉक्टर आहे, त्यामुळे उत्तरं रिपोर्टच्या बाजूने दिली आहेत. औषध सुरू करणं किंवा बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. 'लिव्हर फंक्शन'च्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज १६८ आलं आणि पुढे 'एच' लिहिलंय. लिव्हर खराब झालं का?

एवढ्या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. ही टेस्ट लिव्हरच्या यादीत छापली जाते म्हणून सगळ्यांना आधी लिव्हरच आठवतं. पण अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी, लिव्हरमध्ये बनतं तसंच हाड तयार करणाऱ्या पेशींमध्येही बनतं. थोडं आतड्यात बनतं आणि गरोदरपणी वारेतही. रक्तात ते सगळं एकत्र होतं आणि मशीन त्याची बेरीज सांगतं. मोठ्या माणसात ही बेरीज साधारण ४० ते १३० युनिटच्या आत असते. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेलीच बघायची.

एएलपी म्हणजे आपल्याकडचं 'नाईक' आडनाव. त्यावरून माणूस पेडण्याचा की काणकोणचा ते कळत नाही, पत्ता वेगळा विचारावा लागतो. तो विचारायचा पहिला आणि स्वस्त मार्ग म्हणजे गॅमा जीटी.

२. गॅमा जीटीने नेमकं काय कळतं?

गॅमा जीटी हे दुसरं एन्झाइम. पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या भिंतीत आणि लिव्हरच्या पेशींत ते भरपूर असतं. हाडात मात्र नसतं. सगळा उपयोग या एका फरकावर उभा आहे. पित्ताचा प्रवाह कुठे अडला की लिव्हर एएलपी जास्त बनवू लागतं, आणि साचलेल्या पित्तक्षारांमुळे दोन्ही एन्झाइमं भिंतीपासून सुटून रक्तात येतात. म्हणून लिव्हरकडून आलेल्या एएलपीसोबत गॅमा जीटीही वर जातं. हाडाचं काम वाढलं तर एएलपी एकटंच वाढतं आणि गॅमा जीटी जागेवर राहतं.

तेव्हा ढोबळ नियम असा: दोन्ही वाढलेली असतील तर लिव्हर किंवा पित्तमार्ग, एएलपी एकटं वाढलं असेल तर बहुधा हाड. यातला 'बहुधा' महत्त्वाचा आहे. नियम दोन्ही बाजूंनी फसू शकतो (प्रश्न ८ आणि ९ पाहा).

३. एएलपी वाढलंय, गॅमा जीटी नॉर्मल आहे. आता पुढे काय करायचं?

आधी वय आणि परिस्थिती बघायची. वाढीच्या वयातलं मूल (प्रश्न ५), गरोदर बाई (प्रश्न ६) आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत हाड मोडलेला माणूस, या तिघांत वाढलेलं एएलपी अपेक्षितच असतं. मोडलेलं हाड जुळताना हाडाच्या पेशी कामाला लागतात आणि आकडा काही आठवडे वर राहतो.

यातलं काही नसेल तर कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन पीटीएच तपासतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं ते व्हिटॅमिन डीची मोठी कमतरता आणि त्यातून मऊ पडलेली हाडं, म्हणजे ऑस्टिओमलेशिया.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशी उलटलेली बाई, दिवसभर घरात शिवणकाम. मांड्या आणि कंबर दुखायची, मांडी घालून बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता यायचं नाही. एएलपी २१२ आलं. सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहिलं होतं, त्यामुळे सगळं खापर लिव्हरवर फुटलं. तेल-तूप बंद झालं, 'लिव्हर टॉनिक' सुरू झालं. तीन महिन्यांनी एएलपी तिथेच. मग गॅमा जीटी केलं, ते ३१, म्हणजे नॉर्मल. लिव्हरच्या बाकी टेस्ट, एसजीपीटी आणि बिलिरुबिन, याही नॉर्मल. कॅल्शियम ८.३, फॉस्फरस २.३, दोन्ही कमी. व्हिटॅमिन डी ७, आणि पीटीएच १४२, जे ६५च्या आत हवं. चित्र पूर्ण झालं. फॅटी लिव्हर खरंच होतं, पण या एएलपीशी त्याचा संबंध नव्हता.

गोव्यात एवढं ऊन आणि रोज मासे, मग डी कमी कसं, असं लोक हमखास विचारतात. ऊन बाहेर आहे, आपण आत. सावळ्या त्वचेला डी बनवायला जास्त वेळ ऊन लागतं, आणि सकाळी बाजाराला छत्री घेऊन जाणाऱ्या माणसाच्या अंगावर ते फार थोडं पडतं. बांगड्यात डी आहे, पण रोजच्या तुकड्या-दोन तुकड्यांनी एवढी मोठी कमतरता भरून निघत नाही.

४. माझी दोन्ही वाढली आहेत. म्हणजे लिव्हरच ना? पुढे कोणती तपासणी?

बहुतेक वेळा हो. मग पहिली पायरी पोटाची सोनोग्राफी. ती मुख्यतः एका प्रश्नासाठी असते: पित्तनलिका फुगली आहे का? फुगली असेल तर पुढे कुठेतरी अडथळा आहे. बहुधा खडा, कधी आवळलेली नळी, कधी स्वादुपिंडाची गाठ. तो शोधायला पित्तनलिकांचा एमआरआय, म्हणजे एमआरसीपी करतात. नलिका फुगलेली नसेल तर दोष लिव्हरच्या आतल्या बारीक नळ्यांत आहे असं धरून विचार होतो. आधी औषधांची यादी काढतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या नेहमीच्या अँटिबायोटिकने कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही असा त्रास होऊ शकतो, म्हणून 'सध्या काही घेत नाही' एवढं सांगून थांबू नका, गेल्या दोन महिन्यांतलंही सांगा. मध्यमवयीन बाईला खाज आणि थकवा असेल तर अँटिमायटोकॉन्ड्रियल अँटिबॉडी तपासतात. ती प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस या लिव्हरमधल्या बारीक पित्तनळ्यांच्या आजाराची खूण आहे.

वेळेचीही एक गंमत आहे. खडा अडकून पोटात कळ आली त्याच दिवशी रक्त घेतलं तर एसजीपीटी शेकड्यांत आणि एएलपी जवळपास नॉर्मल असू शकतं. एएलपी नव्याने बनवावं लागतं, त्याला एक-दोन दिवस जातात. उलट खडा काढल्यावर ते लगेच उतरत नाही. लिव्हरच्या एएलपीचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे एक आठवडा आहे.

५. तेरा वर्षांच्या मुलाचं एएलपी ३४० आलंय, गॅमा जीटी १४. आम्ही फार घाबरलोय.

घाबरू नका. उंची वाढायच्या वयात हाडं जोरात बनत असतात आणि साडेतीनशे-चारशेपर्यंतचा आकडा त्या वयाला नॉर्मल असतो. रिपोर्टवर मोठ्या माणसाची मर्यादा छापली गेली की 'एच' आपोआप पडतो. लॅबला वयानुसार मर्यादा विचारा. मुलाच्या लिव्हरबद्दल खरीच शंका असेल तर त्याच्या बाबतीत एएलपीपेक्षा गॅमा जीटी जास्त कामाचं. मूल नीट चालतंय, पाय वाकलेले नाहीत, हाडं दुखत नाहीत, तर विषय तिथेच संपतो.

पाच वर्षांखालच्या मुलात कधी आकडा थेट हजारांत जातो, बहुतेकदा साध्या ताप-जुलाबानंतर, आणि बाकी सगळं नॉर्मल असतं. तो काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप खाली येतो. बालरोगतज्ज्ञ मुडदूस नाही ना एवढं बघून घेतात आणि टेस्ट पुन्हा करतात.

६. सुनेला आठवा महिना आहे, एएलपी २३० आलं.

वारेचं एएलपी आहे ते. शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट होणं नेहमीचंच, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरतं. मात्र तळहात-तळपायांना खाज येत असेल तर एएलपीकडे बघत बसू नका. त्या वेळी बाईल अ‍ॅसिड आणि एसजीपीटी या टेस्ट लागतात, आणि गर्भारपणात पित्त अडण्याच्या या आजारात गॅमा जीटी नॉर्मलही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

७. माझं उलटंच आहे. एएलपी नॉर्मल, गॅमा जीटी १३०. फेणी घेत नाही, फक्त सीझनला हुर्राक.

हुर्राक ही काजूच्या रसाची पहिली धार. फेणीपेक्षा सौम्य खरी, पण ग्लास मोठा आणि संध्याकाळ लांब. मार्च ते मे रोज होत असेल तर लिव्हरच्या दृष्टीने ती दारूच. दारूमुळे लिव्हरमध्ये गॅमा जीटी जास्त बनतं, त्यासाठी पित्त अडायला लागत नाही, म्हणून एएलपी नॉर्मल राहू शकतं. पूर्ण थांबवलं तर दर दोन-तीन आठवड्यांनी आकडा साधारण निम्म्यावर येतो.

पण सगळ्यांना दारूच्या रांगेत उभं करणं चूक आहे. मधुमेह, वजन, फॅटी लिव्हर आणि फिट्सच्या काही गोळ्या यांनीही गॅमा जीटी एकटं वाढतं. एक थेंब न घेणाऱ्या बायकांना या टेस्टवरून घरच्यांची बोलणी खावी लागलेली मी ऐकली आहेत.

८. दोन्ही वाढली आहेत, पण सोनोग्राफी, एमआरसीपी सगळं नॉर्मल. भावाला फिट्सची गोळी चालू आहे, त्याचा काही संबंध?

असू शकतो, आणि हा या पानावरचा सगळ्यात फसवा भाग आहे.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही औषधं लिव्हरमधली एन्झाइमं बनवण्याची यंत्रणा चेतवतात. त्यात गॅमा जीटीही जास्त बनतं. हा औषधाचा परिणाम आहे, पित्तमार्गाचा आजार नव्हे. तीच चेतवलेली यंत्रणा व्हिटॅमिन डीलाही भराभर मोडून टाकते. वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावर डी तळाला जातं, हाडं मऊ पडतात आणि हाडांचं एएलपी वाढतं. रिपोर्टवर दोन्ही 'एच' दिसतात आणि नियम सांगतो लिव्हर. प्रत्यक्षात गॅमा जीटी लिव्हरमधून आलेलं असतं आणि एएलपी हाडांतून. दोघांची गाठ फक्त कागदावर पडलेली असते.

हे ओळखायचं कसं? एक नमुना घेऊ. पस्तिशीचा माणूस, पंधराएक वर्षं फेनिटॉइनवर. एएलपी १९८, गॅमा जीटी १४२, एसजीपीटी २८, बिलिरुबिन ०.५, सोनोग्राफी स्वच्छ. खाज नाही, कावीळ नाही, पण टाचा आणि बरगड्या दुखतात. इथे थांबून कॅल्शियम बघितलं तर ८.४, डी ९, पीटीएच ११८. म्हणजे हाडाची बाजूही तेवढीच बोलते आहे. डॉक्टरांनी डी आणि कॅल्शियम सुरू केलं, फिट्सची गोळी तशीच ठेवली. सहा महिन्यांनी एएलपी ११२ आणि गॅमा जीटी १३८. एएलपी उतरलं, गॅमा जीटी हललं नाही. दोन्ही एकाच जागेहून येत असती तर दोन्ही उतरली असती.

असाच घोळ दारू पिणाऱ्या माणसाचा पाय मोडतो तेव्हा होतो. गॅमा जीटी दारूचं, एएलपी जुळणाऱ्या हाडाचं. आणि प्रश्न ३ मधल्या बाईला मधुमेहही असता तर तिचं गॅमा जीटी ७० आलं असतं आणि तिची हाडं आणखी वर्षभर कुणाला दिसली नसती. म्हणून गॅमा जीटी वाढलेलं असताना इतकंच म्हणता येतं की लिव्हरकडे काहीतरी चाललं आहे. एएलपी तिथलंच आहे हे त्याने सिद्ध होत नाही. गॅमा जीटी नॉर्मल असेल तेव्हा मात्र निष्कर्ष बराच पक्का असतो.

फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नका. रिपोर्टमधल्या 'एच'पेक्षा अचानक आलेली फिट कितीतरी धोक्याची.

९. गॅमा जीटी नॉर्मल असूनही दोष लिव्हरचाच असं होतं का?

होतं, पण क्वचित. लहान मुलांतल्या पित्त अडण्याच्या काही आनुवंशिक आजारांत कावीळ आणि प्रचंड खाज असते, एएलपी वाढलेलं असतं आणि गॅमा जीटी नॉर्मल किंवा कमी राहतं. तिथे नॉर्मल गॅमा जीटी हीच निदानाची किल्ली ठरते. मोठ्या माणसातही डोळे पिवळे असतील किंवा बिलिरुबिन वाढलं असेल तर 'गॅमा जीटी नॉर्मल, म्हणजे हाड' असं म्हणून सोडून देऊ नये. हाडाच्या आजाराने कावीळ होत नाही.

१०. एएलपी एकटंच वाढलंय आणि डीही ठीक आहे. कॅन्सर तर नाही ना?

हा प्रश्न लोक शेवटी आणि हळूच विचारतात. बऱ्याचदा कारण साधं निघतं: पाळी गेल्यानंतर आकडा थोडा वर सरकतो, थायरॉइड जास्त चालत असेल तर हाडांची उलाढाल वाढते, किडनीच्या जुन्या रुग्णांत, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, पीटीएचमुळे वाढतं. आकडा मर्यादेच्या दीडपटीच्या आत आहे, त्रास काही नाही आणि बाकी तपासण्या ठीक आहेत, तर दोन-तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करणं पुरेसं असतं.

थांबू नये अशी परिस्थिती वेगळी: आकडा दर वेळी चढतोय, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं आहे, वजन उतरतंय, किंवा आधी स्तनाचा वा प्रोस्टेटचा कॅन्सर होऊन गेला आहे. सत्तरीचा पुरुष, नवी पाठदुखी आणि चढतं एएलपी असेल तर प्रोस्टेटसाठीची पीएसए टेस्ट आणि हाडांचा स्कॅन लांबणीवर टाकू नये. उलट मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरात हाडं पोखरली जातात, तरी एएलपी बहुधा नॉर्मल असतं, कारण त्यात नवं हाड बनत नाही. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्येही ते नॉर्मलच असतं. म्हणजे नॉर्मल एएलपी हे हाडं धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

११. डी३ची पुडी सुरू केली आणि एएलपी आणखी वाढलं. औषध सोसत नाही का?

सोसतंय, कामाला लागलंय. मऊ पडलेल्या हाडात कॅल्शियम बसू लागलं की हाडाच्या पेशी जोर धरतात आणि सुरुवातीचे काही आठवडे एएलपी वर जाऊ शकतं. प्रश्न ३ मधल्या बाईला ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा आणि सोबत कॅल्शियम दिलं होतं. पाचव्या आठवड्यात तिचं एएलपी २४८ झालं आणि सहा महिन्यांनी ११८. दुखणं मात्र त्याच्या बरंच आधी कमी झालं. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपल्यावर पुड्या मनाने चालू ठेवू नका, जास्त डीने कॅल्शियम चढतं.

१२. एएलपी कुठलं आहे ते थेट सांगणारी टेस्ट नाही का?

आहे. एक आयसोएन्झाइम इलेक्ट्रोफोरेसिस आणि दुसरी बोन-स्पेसिफिक एएलपी. बहुतेक वेळा नमुना बाहेर पाठवावा लागतो, पैसे आणि दिवस दोन्ही जातात. लिव्हरचं आणि हाडाचं एएलपी एकाच जीनमधून बनतं, फरक फक्त वर चिकटलेल्या साखरेच्या साखळ्यांचा. त्यामुळे बोन-स्पेसिफिक टेस्टमध्येही लिव्हरचा थोडा भाग मोजला जातो, आणि एएलपी लिव्हरमुळे फार वाढलेलं असेल तर आकडा फसवतो. माझ्या मते ही टेस्ट प्रश्न ८ सारख्या गुंत्यासाठी ठेवावी. गॅमा जीटी, कॅल्शियम, डी आणि पीटीएच यांवर बहुतेकांचं काम भागतं.

पूर्वी नमुना ५६ अंशांवर दहा मिनिटं तापवून उरलेलं एएलपी मोजत. हाडाचं उष्णतेने झपाट्याने निकामी होतं, लिव्हरचं बरंच टिकतं, वारेचं जवळजवळ सगळं. दोन-चार अंशांचा फरकही उत्तर बदलतो म्हणून ही पद्धत मागे पडली.

१३. टेस्टसाठी उपाशी राहावं लागतं का?

राहिलेलं बरं. रक्तगट ओ किंवा बी असलेल्या बऱ्याच लोकांत तेलकट जेवणानंतर आतड्याचं एएलपी रक्तात येतं आणि आकडा काही तास थोडा वर जातो. गॅमा जीटी अर्थातच नॉर्मल राहतं, आणि मग उगाच हाडांचा शोध सुरू होतो. चवथीच्या जेवणानंतर दुपारी रक्त दिलं असेल तर आधी उपाशीपोटी पुन्हा द्या.

१४. एका लॅबमध्ये एएलपी १९०, तीन दिवसांनी दुसरीकडे १८. कुणाचं खरं?

१८ वर शंका घ्या. त्याच रिपोर्टमधलं कॅल्शियम आणि पोटॅशियम बघा. कॅल्शियम जगणं अशक्य वाटावं इतकं कमी आणि पोटॅशियम तसंच अफाट जास्त असेल, तर जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त चुकून या टेस्टला वापरलं गेलं आहे. त्या नळीत ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, आणि एएलपीला काम करायला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही काढून घेतं, म्हणून एन्झाइम मशीनमध्ये निपचित पडतं. पोटॅशियम वाढतं ते त्या ईडीटीएच्या क्षारातलंच. लॅबला हे सांगा आणि लाल किंवा पिवळ्या बुचाच्या नळीत नवा नमुना द्या. कॅल्शियम-पोटॅशियम ठीक असूनही एएलपी पुन्हा पुन्हा इतकं कमी येत असेल, आणि दात लवकर पडणं किंवा पायाची हाडं वारंवार मोडणं असा इतिहास असेल, तर हायपोफॉस्फटेशिया या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. त्यासाठी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा, आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या.